या चुका टाळा: कर सल्लागाराने ग्राहकांना कामाच्या बदललेल्या वेळा कळवताना

कर सल्लागाराचे कार्यालय आतापर्यंत सोमवार ते शनिवार रात्री आठपर्यंत सुरू असे आणि ग्राहक बिले, नोटिसा, ओटीपी असे सगळेच सल्लागाराच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅपने पाठवत असत. आता सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा ही वेळ ठरली आहे, शनिवारी सुट्टी आहे, कागदपत्रे कार्यालयाच्या ईमेलवर मागवायची आहेत आणि उत्तर एका कामकाजाच्या दिवसात द्यायचे आहे. बदल रास्त आहे, परंतु तो कळवणाऱ्या पत्रात पुढील चुका राहिल्या, तर भुर्दंड ग्राहकाला बसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मुहूर्ताची असते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला संपते. या दहा दिवसांत सूचना पाठवली, तर घाईत असलेला ग्राहक ती वाचत नाही, आणि बदल त्याच दिवसांत लागू केला तर अर्धी बिले जुन्या क्रमांकावर व अर्धी नव्या ईमेलवर येतात. म्हणून सूचना २१ तारखेनंतर पाठवावी आणि बदल पुढील महिन्याच्या २१ तारखेपासून लागू करावा, म्हणजे मधले एक पूर्ण चक्र जुन्या पद्धतीने पार पडते.

दुसरी चूक म्हणजे ‘२४ तासांत उत्तर मिळेल’ असे मोघम लिहिणे. समजा, २० तारीख सोमवारी आली आहे आणि ग्राहकाने शुक्रवारी, १७ तारखेला, संध्याकाळी साडेसहा वाजता खरेदीची बिले पाठवली. त्याच्या हिशेबाने शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर यायला हवे. कार्यालयाच्या हिशेबाने मात्र तो ईमेल सोमवारी सकाळी दहाला मिळाल्यासारखा आहे आणि एक कामकाजाचा दिवस मंगळवारी सकाळी दहाला संपतो, म्हणजे तोवर मुदत उलटून गेलेली असते आणि विलंब शुल्क व थकीत करावरील व्याज ग्राहकाच्या माथी येते. त्यामुळे पत्रात तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात: ‘उत्तर’ म्हणजे पोच की काम पूर्ण होणे, सहानंतर आलेला ईमेल कोणत्या दिवसाचा धरला जाईल, आणि महिन्याची बिले कोणत्या तारखेपर्यंत पोहोचली तरच विवरणपत्र वेळेत भरण्याची जबाबदारी कार्यालय घेईल. माझ्या मते तिसरी ओळ नसलेले पत्र पाठवूच नये.

ओटीपीचा विचार तर बहुतेक पत्रांत नसतोच. एकल मालकीच्या व्यवसायाचे विवरणपत्र अनेकदा ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने दाखल होते आणि तो ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो. ‘यापुढे व्हॉट्सअॅपवर काहीही पाठवू नये’ असे सरसकट लिहिले, तर आज्ञाधारक ग्राहक ओटीपीही ईमेलने पाठवतो आणि तो पाहीपर्यंत निरुपयोगी झालेला असतो. पत्रात असे लिहावे: ‘विवरणपत्र दाखल करण्यापूर्वी आम्ही कार्यालयाच्या क्रमांकावरून आपल्याला फोन करू, ओटीपी त्याच फोनवर सांगावा. अन्य कोणत्याही क्रमांकावरून ओटीपी मागितल्यास तो देऊ नये.’ कंपन्या डिजिटल स्वाक्षरीने विवरणपत्र भरतात, त्यांच्या पत्रात हा परिच्छेद लागत नाही.

पत्र कोणाला गेले, हेही तपासावे. कार्यालयाच्या यादीत बहुधा मालकाचा ईमेल असतो, पण बिले पाठवतो त्याचा अकाउंटंट, आणि तो जुन्याच क्रमांकावर पाठवत राहतो. दोघांनाही पत्र पाठवावे आणि विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाची सूचना’ असे न लिहिता ‘२१ तारखेपासून बिले या ईमेलवर पाठवावीत’ असे थेट लिहावे. दुबईतील ग्राहकाला भारतीय वेळेसोबत त्याची स्थानिक वेळही द्यावी. आपले सहा वाजतात तेव्हा तिथे साडेचार झालेले असतात.

जुना क्रमांक एकदम बंद करणे ही शेवटची चूक. दोन चक्रे तरी तो सुरू ठेवावा, त्यावर नवा ईमेल सांगणारा स्वयंचलित संदेश लावावा, आणि तरीही आलेली कागदपत्रे एकाच ठरलेल्या सहकाऱ्याने दिवसातून दोनदा नव्या ईमेलवर वळती करावीत. विवरणपत्र न भरल्याबद्दल येणाऱ्या जीएसटीआर-३ए नोटिशीला १५ दिवसांचीच मुदत असते. तिचा फोटो जुन्या क्रमांकावर पडून राहिला तर ते दिवस हातचे जातात. जुन्या क्रमांकावर कोण लिहीत आहे, यावरून दोषाचे निदानही होते. ठरावीक चार-पाच जणच असतील, तर त्यांना फोन करून समजावणे पुरते. निम्म्याहून अधिक ग्राहक असतील, तर पत्रच नीट लिहिलेले नाही असे समजून ते नव्याने पाठवावे आणि लागू होण्याची तारीख एक महिना पुढे ढकलावी.