बासष्ट गर्भवतींचा प्रकल्प आणि माझे फसलेले निवेदन

अमेरिकेतील इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, अर्जासोबत द्यायच्या वैयक्तिक निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात मी म्हटले होते की, 'माझ्या नेतृत्वाखालील संशोधनाने समुपदेशनामुळे गर्भवतींचे हिमोग्लोबिन वाढते हे सिद्ध केले.' प्रत्यक्षात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी मी दोन महिने ग्रामीण रुग्णालयात बसून 62 स्त्रियांना एकेकदाच प्रश्न विचारले होते. अशा एकवेळच्या पाहणीतून कशामुळे काय झाले हे ठरवता येत नाही, आणि मुलाखतीत अर्जातील कोणत्याही ओळीवर प्रश्न येऊ शकतो. मार्गदर्शक मॅडमनी मसुद्यातील 'सिद्ध केले' याखाली रेघ मारून विचारले, "तुलनेचा गट कुठे आहे?"

मग मी निकाल बाजूला ठेवून वहीतली एक अडचण मध्यभागी आणली. 'लोहाच्या गोळ्या रोज घेता का?' याला 55 जणींनी होकार दिला होता. परंतु ज्या 24 जणींनी पाकिटे सोबत आणली, त्यांच्यापैकी 11 जणींच्या गोळ्या हिशेबापेक्षा जास्त उरल्या होत्या. नव्या निवेदनात मी एवढेच लिहिले की, प्रश्नावली मॅडमची होती, मुलाखती व नोंदी माझ्या होत्या, पाकिटे मोजण्याची कल्पना तिसऱ्या आठवड्यात सुचल्याने ती सर्वांची मोजता आली नाहीत, आणि पाकिटे आणणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक काळजी घेणाऱ्या असू शकतात. 'नेतृत्व' हा शब्द मात्र काढताना जिवावर आले.

शेवटच्या परिच्छेदात पुढचा प्रश्न ठेवला: पहिल्याच भेटीपासून प्रत्येकीच्या गोळ्या मोजल्या, तर तोंडी उत्तरातली तफावत किती निघेल? रेसिडेन्सीच्या मुलाखतीत पंधरा मिनिटे बोलणे झाले ते याच प्रश्नावर.