सक्शन ओव्हरराइड: न निवडलेल्या कंट्रोलरकडे आधी बघा

कमिशनिंगला नवीन होतो तेव्हा लो सिलेक्टर मला अगदी किरकोळ वाटायचा. दोन आकडे येतात, लहान तो पुढे जातो, झालं! एका कॉम्प्रेसरने हा समज मोडला.

त्याचा वेग ठरवणारे कंट्रोलर दोन. एक डिस्चार्जचा दाब सांभाळायचा. दुसरा सक्शनचा दाब १.२ बारच्या खाली जाऊ द्यायचा नाही; सक्शन पडलं की त्याचं आउटपुट उतरायचं. वेग कमी करणं ही सुरक्षित दिशा, म्हणून लो सिलेक्टर. ०.८ बारला ट्रिप होती, पण तिथवर वेळ येऊच नये यासाठी हा ओव्हरराइड.

एकदा सक्शन हळूहळू उतरून १.२ पर्यंत आलं आणि मग झपकन पडलं. मशीन ट्रिप. ओव्हरराइडने काहीच केलं नाही.

ट्रेंड काढला. डिस्चार्जचं आउटपुट ६२ टक्के, तर सक्शनचं सकाळपासून १०० ला चिकटलेलं. साहजिकच होतं, कारण नेहमीचा सक्शन दाब २ बार. एरर कायम एकाच बाजूला, आणि निवड झालेली नसल्यामुळे त्याच्या आउटपुटने दाब काही बदलत नव्हता. इंटिग्रल चढतच गेला. यालाच वाइंडअप म्हणतात. ट्रान्समीटरची रेंज ० ते ४ बार, गेन १.५. दाब १.२ वरून ०.८ वर आला म्हणजे एरर १० टक्के, आउटपुट उतरलं १५. शंभराचे पंच्याऐंशी झाले. बासष्टच्या खाली येईपर्यंत खेळ संपला होता. इंटिग्रलला उतरायला वेळच मिळाला नाही.

दुरुस्ती ब्लॉकमधल्या एका जोडणीची होती. इंटिग्रलचा फीडबॅक कंट्रोलरच्या स्वतःच्या आउटपुटवरून घेतला होता, तो सिलेक्टरनंतरच्या सिग्नलवरून घेतला. दोन्ही कंट्रोलरना. (एकालाच करून थांबू नका, परत येताना दुसरा अडकतो.) आता २ बारला सक्शनचं आउटपुट स्थिरावतं ६२ अधिक एरर गुणिले गेन, म्हणजे ६२ + ३० = ९२. दाब १.२ ला पोचला की एरर शून्य, आउटपुट ६२, आणि नेमकं तिथेच हस्तांतर.

म्हणून नव्या प्लांटवर मी आधी न निवडलेल्या कंट्रोलरचा ट्रेंड उघडतो. तो निवडलेल्याच्या वर राहून त्याच्यासोबत हलत असेल तर ठीक. टोकाला सपाट रेघ दिसली तर जोडणी तपासायची. कंट्रोलर मॅन्युअलला ठेवून कोणी विसरलंय का, तेही. मॅन्युअलला १०० वर ठेवला की तो असून नसल्यासारखा.

दुरुस्तीनंतर आम्ही सक्शनचा व्हॉल्व्ह सावकाश आवळून चाचणी घेतली. १.२ ला वेग उतरू लागला. लगेच कंट्रोल रूममधून ऑपरेटरचा फोन, "अहो, डिस्चार्जचा दाब पडतोय, काय केलंत?" बिचाऱ्याची चूक नव्हती, वेग एकच असला की दोन्ही कंट्रोलरचे सेटपॉइंट एकाच वेळी पाळता येत नाहीत. सध्या कोणता कंट्रोलर निवडलेला आहे, हे त्याच्या स्क्रीनवर दाखवायचंच राहून गेलं होतं.