शहरात खोली तपासून देण्याची सेवा सुरू करताय? या चुका टाळा

लहान गावातून मोठ्या शहरात नोकरीला येणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण खोलीची असते. रुजू व्हायची तारीख हातात असते, जाहिराती मोबाइलवर दिसत असतात, पण स्वतः जाऊन पाहता येत नाही. अशा वेळी त्यांच्या वतीने खोली बघून, तपासून खरा अहवाल देणारी सेवा चांगली चालू शकते. भांडवल फारसं लागत नाही. मोबाइल, मोजपट्टी, फोन चार्जर आणि एक बादली एवढ्यावर सुरुवात होते. तरीही ही सेवा बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांतच अडखळते, आणि त्यामागच्या चुका ठरावीक असतात.

मालकाकडून कमिशन घेणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खोली भाड्याने गेली की मालक किंवा दलाल काही रक्कम देऊ करतो आणि ती सहज मिळालेली वाटते. पण ती घेतली की 'ही खोली घेऊ नका' हे वाक्य लिहिणं जड जातं. ग्राहक तुमच्याकडे येतो तो त्याच्या बाजूने बघणारं कुणीतरी हवं म्हणून. पैसे ग्राहकाकडूनच घ्या आणि खोली पसंत पडली किंवा नाही पडली तरी तेवढेच घ्या. हे सुरुवातीलाच लेखी सांगा.

सोयीच्या वेळी खोली बघणे

रविवारी दुपारी मालक निवांत असतो आणि रस्ता मोकळा असतो, म्हणून भेट त्याच वेळी ठरते. त्या वेळी खोलीचे निम्मे दोष दिसतच नाहीत. पाण्याचा दाब सकाळी सगळी इमारत अंघोळीला लागते तेव्हा कमी होतो. शेजारचा आवाज रात्री कळतो. खालच्या दुकानाचं शटर पहाटे वाजतं. एकच भेट शक्य असेल तर कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ठेवा. रात्रीच्या आवाजाबद्दल त्याच मजल्यावर राहणाऱ्या कुणाला तरी विचारा, मालकाला नको.

ऑफिसपर्यंतच्या वेळेचंही तसंच. नकाशाच्या ॲपवर दुपारी बघितलेली मिनिटं सकाळी खरी ठरत नाहीत. ग्राहकाला दहाला पोचायचं असेल, तर खोलीच्या दारातून पावणेनऊला निघून एकदा स्वतः जाऊन बघा. स्टॉपपर्यंत चालणं, तिथलं थांबणं, प्रत्यक्ष प्रवास आणि उतरल्यावरचं चालणं हे चार आकडे वेगवेगळे लिहा. बहुतेक वेळा अंदाज चुकतो तो थांबण्यात आणि चालण्यात.

देखणे फोटो काढणे

मोबाइलच्या वाइड लेन्सने लहान खोलीही प्रशस्त दिसते. ग्राहक तिथे येऊन पलंग टाकतो आणि कपाटाचं दार उघडत नाही, मग राग तुमच्यावर निघतो. फोटो साध्या लेन्सनेच काढा आणि प्रत्येक भिंतीची लांबी मोजून लिहा. दार किती उघडतं आणि पलंग टाकल्यावर उरलेली जागा किती, हे फोटोपेक्षा आकड्यात चांगलं कळतं.

व्हिडिओ इमारतीच्या फाटकापासून खोलीच्या खिडकीपर्यंत एका सलग टेकमध्ये घ्या, मध्ये कापाकापी नको. जिना अंधारा आहे का, कचरा कुठे टाकतात, दाराला कडी कशी आहे हे सगळं आपोआप येतं. खोलीत दार बंद करून एक मिनिट बोला, म्हणजे आवाज घुमतो का आणि बाहेरचा किती येतो ते ग्राहकाला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

'खोली चांगली आहे' असं लिहिणे

या धंद्यातला खरा माल म्हणजे अहवाल, आणि बहुतेकांचा अहवाल विशेषणांनी भरलेला असतो. 'पाणी भरपूर' म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. 'न्हाणीघरात दहा लिटरची बादली सकाळी आठ वाजता पावणेदोन मिनिटांत भरली' हे कळतं. ओल शोधताना नव्या रंगाच्या एकट्या भिंतीवर संशय घ्या. कपाटामागे आणि भिंतीच्या खालच्या भागात हात फिरवा. रंगाचे फुगे किंवा पांढरी भुकटी दिसली तर ती ओलीची खूण. दारं-खिडक्या दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा आत या, कुबट वास लगेच येतो. प्रत्येक सॉकेटमध्ये फोन चार्जर लावून बघा. मोबाइलची रेंज पलंगाच्या जागी उभं राहून, दार बंद करून, एक फोन लावून तपासा. बाल्कनीतल्या रेंजचा ग्राहकाला उपयोग नाही.

अहवालाला तीन रकाने ठेवा: स्वतः पाहिलं, मालकाने सांगितलं, तपासता आलं नाही. 'उन्हाळ्यातही पाणी चोवीस तास' हे दुसऱ्या रकान्यात जातं, पहिल्यात कधीच नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा मोह होतो, कारण तो कमीपणाचा वाटतो. पण ग्राहक मालकाला फोनवर नेमकं काय विचारायचं हे तिथूनच ठरवतो.

खोलीमागे दर लावणे

समजा, ग्राहकाने सहा जाहिराती पाठवल्या. प्रत्येकीला पंधरा मिनिटं धरली तर फोनमध्येच दीड तास गेला. दोन खोल्या आधीच गेलेल्या निघाल्या, एका ठिकाणी मालकाची अट जुळली नाही. उरलेल्या तिन्हींना जाण्याचा अर्धा तास आणि तपासणीची चाळीस मिनिटं धरून साडेतीन तास लागले. ऑफिसचा एक फेरा एक तास, अहवाल प्रत्येकी अर्ध्या तासाने दीड तास. एकूण साडेसात तास झाले. तुम्ही 'एका खोलीला एक तास' या हिशोबाने दर सांगितला असेल, तर साडेचार तास फुकट गेले. म्हणून दर कामाच्या गठ्ठ्याला लावा: सहापर्यंत फोन, दोन भेटी, एक फेरा, एक अहवाल. तिसरी भेट वेगळी. भेटीआधीच्या फोनवर खोली अजून रिकामी आहे का, अनामत किती आणि अटी काय, एवढं विचारलं की फुकटच्या फेऱ्या पुष्कळ वाचतात.

अनामत स्वतःच्या हातून देणे

घाईत असलेला ग्राहक म्हणतो, 'तुम्हाला पाठवतो, तुम्ही मालकाला द्या.' नकार द्या. व्यवहार फिसकटला तर पैसे तुमच्याकडे मागितले जातात, आणि एकाच वादात सगळं नाव जातं. तुमचं काम नावं जुळवण्याचं आहे. मालकीचा कागद किंवा घराचं अलीकडचं बिल, समोरच्याचं ओळखपत्र आणि ज्या खात्यात पैसे जाणार ते खातं, तिन्हींवर एकच नाव हवं. जुळत नसेल तर कारण लेखी घ्या आणि ते अहवालात टाका. 'अजून चार जण रांगेत आहेत, आत्ताच टोकन पाठवा' असं म्हणून जो खोली उघडून दाखवत नाही, त्याच्यापाशी थांबू नका. जाहिरातीचे फोटो चित्र-शोधात टाकले की तेच फोटो दुसऱ्या पत्त्यावरही सापडतात का ते लगेच कळतं.

तक्रार आली की

राहायला गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, 'पाणी येत नाही.' आधी अहवाल उघडा. पाण्याची नोंद पहिल्या रकान्यात असेल, तर तुमच्या भेटीची वेळ आणि ग्राहकाची अंघोळीची वेळ ताडून बघा. वेळ वेगळी असेल तर भेटीची वेळ चुकली, पुढच्या वेळी ती बदला. वेळ तीच असेल तर पंप किंवा टाकीत काही बिघडलंय, मालकाला इमारतीतल्या इतरांनाही हाच त्रास आहे का ते विचारायला सांगा. नोंद दुसऱ्या रकान्यात असेल, तर मालकाच्या शब्दाचा तो लेखी पुरावा आहे, ग्राहकाला त्याच्याशी बोलताना कामी येतो. नोंदच नसेल तर चूक तुमची. त्या भेटीचे पैसे परत द्या आणि तपासणीच्या यादीत ती ओळ त्याच दिवशी वाढवा.