लिफ्टचा नॉइज यंत्रापर्यंत पोहोचू नये म्हणून: शील्डवाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कसा बसवावा

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ओळखीच्या डॉक्टरांची पॅथॉलॉजी लॅब आहे. लिफ्टला मोटरचा वेग कमी-जास्त करणारी नवी व्हीएफडी ड्राइव्ह बसली आणि तेव्हापासून लिफ्ट हलली की रक्त तपासायचं यंत्र मध्येच एरर देऊन थांबायला लागलं. स्टॅबिलायझर होता, तरी फरक पडेना, कारण फेज आणि न्यूट्रलमधले २३० व्होल्ट ठीकच होते. बिघाड होता तो या दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत एकत्रच वर-खाली उडत होत्या त्याचा. यालाच कॉमन-मोड नॉइज म्हणतात.

आधी खात्री करून घ्या. सेलवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावून यंत्राच्या वायरीजवळ धरा. लिफ्ट सुटताच खरखर वाढली आणि यंत्रही त्याच क्षणी अडखळलं, तर संशय या नॉइजवर घ्यायला हरकत नाही. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला तो आंधळा असतो.

आता ट्रान्सफॉर्मर काय करतो ते पाहू. त्यात तारेची दोन वेगळी वाइंडिंग्ज असतात: वीज आत येते ती प्रायमरी, यंत्राकडे जाते ती सेकंडरी. प्रायमरीची दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात, म्हणून त्या नॉइजमुळे वाइंडिंगमधून प्रवाह जात नाही आणि चुंबकीय वाटेनं तो पुढे सरकत नाही. पण जवळजवळ बसलेली दोन वाइंडिंग्ज म्हणजे आपसूक तयार झालेला कपॅसिटर. तो ५०० पिकोफॅरडचा धरा. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सहा मेगाओहमच्या पुढे असतो, पण १ मेगाहर्ट्झला फक्त ३२० ओहमच्या आसपास. म्हणून नुसता आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणलात तर नॉइज या वाटेनं निघून जातो. दोन वाइंडिंग्जच्या मधे तांब्याचा पातळ पत्रा घालून तो अर्थला जोडला, की नॉइज त्या पत्र्यावर पडतो आणि अर्थमध्ये जातो. हाच पत्रा म्हणजे शील्ड. पत्र्याची टोकं एकमेकांना चिकटू द्यायची नसतात, मधे इन्सुलेशन हवंच. नाहीतर तो शॉर्ट झालेला एक वेढा होऊन तापतो.

यंत्राचा भार ४५० व्हीए होता, म्हणून आम्ही १ केव्हीएचा घेतला. लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना ‘शील्डची वायर वेगळी बाहेर काढलेली हवी’ असं बजावा आणि दुकानातच चाचणी मागा. प्रायमरीची दोन्ही टोकं एकत्र जोडून त्यांच्यात आणि ऑसिलोस्कोपच्या अर्थमध्ये सिग्नल जनरेटरवरून १०० किलोहर्ट्झ, १० व्होल्ट द्यायचे. सेकंडरीची टोकंही एकत्र जोडून स्कोपवर पाहायची. शील्डची वायर मोकळी असताना बहुतेक सगळा सिग्नल पलीकडे दिसतो, अर्थला लावली की रेघ जवळजवळ सपाट होते. दोन्ही वेळा रेघ सारखीच राहिली तर आत शील्ड नाही, किंवा तिची वायर तुटलेली आहे.

बसवताना खरी गंमत शील्डच्या वायरीत आहे. आमच्याकडे वायरमननं ती तीन मीटर लांब ठेवून कपाटामागे गुंडाळली होती. सरळ असती तरी मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री, म्हणजे १० मेगाहर्ट्झला तीन मीटरचे १९० ओहम. गुंडाळी केल्यावर त्याहून जास्त. मग पत्रा अर्थला जोडलेला राहतच नाही. ती वायर शक्य तितकी आखूड आणि रुंद ठेवा, चपटी तांब्याची पट्टी उत्तम. इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकाच केसिंगमधून नेऊ नका, नाहीतर नॉइज ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून पुढे जातो.

यानंतर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सेकंडरीचं एक टोक ट्रान्सफॉर्मरपाशीच अर्थला जोडून घ्या. तेच यंत्राचं नवं न्यूट्रल. त्याच्या पुढे अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. इमारतीकडच्या आरसीसीबीला पलीकडची गळती दिसत नाही, आणि ही जोडणी नसेल तर नवी आरसीसीबीही अर्थ फॉल्टला ट्रिप होणार नाही. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, त्यामुळे इनपुटची एमसीबी अशा झटक्याला लगेच पडणाऱ्या बी-कर्व्हची नको, सी किंवा डी घ्या. फेज-न्यूट्रलमधला स्पाइक, व्होल्टेज पडणं हे यातून थांबत नाही, तेव्हा स्टॅबिलायझर काढू नका.

एवढं करूनही लॅबमधली एरर कमी झाली, गेली नाही. कारण सापडायला दोन दिवस लागले. यंत्राला सीरिअल केबलनं जोडलेला कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटवर होता, आणि त्या केबलच्या ग्राउंडमधून नॉइज थेट यंत्रात शिरत होता. कॉम्प्युटर आणि मॉनिटरही याच ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटवर घेतले आणि सगळ्यांचे अर्थ एकाच ठिकाणी आणले. मग लिफ्ट तळमजल्यापासून वरपर्यंत दहा वेळा फिरवली. यंत्र एकदाही थांबलं नाही.