इतिवृत्ताचं भाषांतर करताय? ‘तहकूब’ म्हणजे ‘कॅन्सल्ड’ नव्हे

लातूरकडच्या एका सहकारी संस्थेला गोदामासाठी कर्ज हवं होतं. बँकेच्या मुख्य कार्यालयाने सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त इंग्रजीत मागितलं. सचिवांनी ते पुतण्याकडून एका रात्रीत करून घेतलं आणि आठवड्यात फाईल परत आली. सभा रद्द झाली, तर कर्जाचा ठराव कुठल्या सभेत झाला, असा बँकेचा सवाल.

सचिव माझ्याकडे आले ते वैतागूनच. ‘‘सर, मीटिंग झालीच नाही म्हणतेत. मग चहाचं बिल कशाचं दिलं आम्ही?’’

मूळ मराठी चोख होतं. अकराला गणपूर्ती नव्हती, म्हणून अध्यक्षांनी सभा साडेअकरापर्यंत तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, असं त्यांच्या उपविधीत होतं. साडेअकराला त्याच जागी सभा पुन्हा सुरू झाली आणि ठराव क्रमांक ७ मंजूर झाला. पुतण्याने ‘तहकूब’ला ‘कॅन्सल्ड’ लिहिलं आणि खालचे सगळे ठराव अधांतरी लटकले. तिथे ‘ॲडजर्न्ड’ हवं होतं.

सभा सुरू व्हायच्या आधीच तारीख बदलली तर ती पुढे ढकलली, म्हणजे ‘पोस्टपोन्ड’. वरिष्ठाने ठरावाची अंमलबजावणी थांबवली तर ती स्थगिती, म्हणजे ‘स्टे’. जुना ठराव सभेनेच मागे घेतला तर तो रद्द केला, आणि तिथे ‘रिसाइंड’ बसतं. मराठी बोलण्यात आपण चारही ठिकाणी ‘कॅन्सल झालं’ म्हणून मोकळे होतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

माझी सवय सांगतो. भाषांतराला हात लावण्याआधी कागदाच्या एका बाजूला इतिवृत्तातले कायद्याचे शब्द लिहितो आणि प्रत्येकासमोर एकच इंग्रजी शब्द. अडलं तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडतो. शेवटी फाईलमध्ये शोधतो: मराठीत ‘तहकूब’ चार वेळा असेल, तर इंग्रजीतही ‘ॲडजर्न’ चारदाच आलं पाहिजे. तोच शब्द पुन्हा आला की वाचायला कंटाळवाणं वाटतं, म्हणून नवशिके ‘अप्रूव्ह्ड’, ‘पास्ड’, ‘सँक्शन्ड’ असे आलटून पालटून वापरतात. ही हौस निबंधात भागवा.

दुसरी हमखास चूक म्हणजे ‘कार्योत्तर मंजुरी’तलं ‘कार्योत्तर’ खाणं. खर्च आधी झाला आणि मंजुरी नंतर मिळाली, ही गोष्टच त्यामुळे पुसली जाते. ‘एक्स पोस्ट फॅक्टो’ लिहा, भलेही जड वाटो.

‘अध्यक्ष व सचिव यांच्या संयुक्त सहीने’ यातलं ‘संयुक्त’ गाळलं, तर बँक विचारणारच की दोघांच्या सह्या लागतील की एकाची चालेल.

कुणी तटस्थ राहिल्याची नोंद असेल, तर ती इंग्रजीतही आली पाहिजे.

आणि मुळात अनुमोदकाचं नाव राहिलं असेल तर ते तुम्ही भरू नका. जागा कोरी ठेवा आणि सचिवांना फोन करा.