व्यवसायाच्या खात्यावरचा स्वागत-मेसेज आणि तयार उत्तरे: काय लिहावे, काय गाळावे

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दोन सोयी आहेत आणि त्यांची बरेचदा गल्लत होते. ग्रीटिंग मेसेज आपोआप जातो. त्या क्षणी तुम्ही फोनजवळ नसता आणि समोरच्याने काय विचारले आहे तेही तुम्हाला ठाऊक नसते. क्विक रिप्लाय मात्र तुम्ही स्वतः निवडून पाठवता, म्हणजे प्रश्न वाचून झालेला असतो. त्यामुळे ग्रीटिंगमध्ये उत्तर घालायचे नसते. ग्राहकाकडून पुढच्या मेसेजमध्ये कामाची माहिती यावी, एवढ्यासाठी तो असतो. उत्तरे क्विक रिप्लायमध्ये ठेवावीत.

ग्रीटिंग कोणाला जातो, ते आधी बघा

Business tools मध्ये Greeting message उघडा. फोनप्रमाणे हा पर्याय तीन ठिपक्यांच्या मेनूत, Settings मध्ये किंवा खालच्या Tools टॅबवर सापडेल. Send greeting message चालू केले की मजकूर बदलता येतो आणि खाली Recipients दिसते. मजकुराच्या नादात Recipients कडे लक्ष जात नाही, आणि पुढचे घोळ तिथेच होतात.

हा मेसेज दोन प्रसंगी जातो: कोणी तुम्हाला पहिल्यांदाच मेसेज केला तर, किंवा त्या चॅटमध्ये 14 दिवस काहीच हालचाल नसेल आणि मग मेसेज आला तर. यातला दुसरा प्रसंग लिहिताना विसरला जातो. महिन्यापूर्वी काम करून घेतलेला ग्राहक तक्रार घेऊन येतो आणि त्याला “आमच्याकडे तुमचे स्वागत आहे! 🎉” असे उत्तर मिळते. माल पुरवणाऱ्याला जाते, नातेवाइकांनाही जाते.

म्हणून Recipients मध्ये Everyone not in address book निवडा आणि जुन्या ग्राहकांचे, पुरवठादारांचे नंबर सेव्ह करत चला. तरीही एखादा जुना ग्राहक सेव्ह करायचा राहतोच. तेव्हा मजकूर असा हवा की तो तक्रार करणाऱ्यालाही वाचता यावा. म्हणजे फुगे, फटाके आणि “अभिनंदन” नको.

मजकूर बांधताना

उदाहरणासाठी पडदे शिवून देणारा छोटा व्यवसाय घेऊ. नव्या ग्राहकाचा पहिला मेसेज बहुतेक वेळा “पडद्याचा रेट काय?” एवढाच असतो. याचे उत्तर देता येत नाही, कारण दर खिडकीच्या आकारावर, कापडावर आणि चुण्यांवर अवलंबून असतो. ग्रीटिंगने इथे नेमकी हीच माहिती मागून घ्यावी:

> नमस्कार, पडद्यांच्या शिलाईसाठी हा नंबर आहे. तुमचा मेसेज पोहोचला. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत आम्ही उत्तर देतो.
>
> नवीन काम असेल तर खिडकीचा समोरून काढलेला फोटो, एकूण किती खिडक्या आणि पडदे कोणत्या तारखेपर्यंत हवेत, एवढे कळवून ठेवा. आधीच पाठवले असेल तर पुन्हा नको.
>
> आधीच्या कामाबद्दल असेल तर ऑर्डर कोणाच्या नावावर होती ते लिहा.

पहिल्या वाक्यात व्यवसाय कळतो, त्यामुळे चुकीच्या नंबरवर आलेला माणूस तिथूनच परत फिरतो. वेळ लिहिली आहे, पण “लगेच उत्तर देऊ” असे लिहिलेले नाही. ते वाक्य रात्री साडेअकरालाही जाते, आणि “लगेच” म्हटल्यावर माणूस दहा मिनिटे वाट बघून दुसरीकडे विचारतो. “आधीच पाठवले असेल तर पुन्हा नको” हे वाक्य मुद्दाम आहे. काही जण पहिल्याच मेसेजमध्ये फोटो, मापे, सगळे पाठवतात, आणि त्यावर तेच मागणारा मेसेज गेला की आपले वाचलेच नाही असे त्यांना वाटते.

मागायच्या गोष्टी तीनच ठेवल्या आहेत. पाच-सहा प्रश्न विचारले की ग्राहक एकाचेच उत्तर देतो, किंवा “नंतर सांगतो” म्हणून थांबतो. मापे इथे मागितलेली नाहीत, कारण ती कशी घ्यायची ते सांगितल्याशिवाय चुकीची येतात. तो भाग पुढे क्विक रिप्लायमध्ये येईल.

“दरासाठी 1, पत्त्यासाठी 2 पाठवा” असा मेनू ग्रीटिंगमध्ये टाकू नका. ग्रीटिंग फक्त मजकूर पाठवतो, पुढे आलेला आकडा तो वाचत नाही. ग्राहक इमानदारीने “2” पाठवतो आणि पुढे काहीच होत नाही. याच कारणाने वरच्या तीन मागण्यांना आकडे दिलेले नाहीत, नाहीतर तो मेनूच वाटला असता.

दर, सवलती आणि सुट्ट्याही इथे नकोत. त्या बदलतात आणि ग्रीटिंग बदलायचे राहून जाते. सुट्टीसाठी Away message आहे. त्याला वेळापत्रक लावता येते, मात्र फोनला इंटरनेट नसेल तर तो जात नाही. दोन्ही चालू ठेवणार असाल तर ते पाठोपाठ वाचून बघा. एकात “आज उत्तर देऊ” आणि दुसऱ्यात “सोमवारी भेटू” असे व्हायला नको.

क्विक रिप्लाय: आधी शोधा, मग लिहा

ॲपमध्ये 50 क्विक रिप्लाय ठेवता येतात. तेवढे ठेवू नका, तुमचे तुम्हालाच सापडणार नाहीत. गेल्या काही आठवड्यांची चॅट चाळा आणि जे तुम्ही स्वतः पुन्हा पुन्हा टाइप केले आहे तेवढेच उचला. पडद्यांच्या व्यवसायात साधारण असे निघते: माप कसे घ्यायचे, दर कसा ठरतो, पैसे कुठे भरायचे, काम कुठवर आले, येण्याचा पत्ता. सुरुवातीला एवढी पुरेत. डोक्यातून प्रश्न काढून उत्तरे लिहिली तर कोणी न विचारलेलीच जास्त निघतात.

Quick replies उघडून नवीन जोडा, मजकूर लिहा, खाली शॉर्टकट द्या आणि सेव्ह करा. चॅटमध्ये `/` टाइप केले की यादी येते. शॉर्टकट रोमन लिपीत, छोटे आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारे ठेवा: `/maap`, `/dar`, `/paise`, `/kuthe`. `/rate1`, `/rate2` अशी नावे दिलीत तर गर्दीच्या वेळी हमखास चुकीचे उत्तर जाते.

आता `/maap` चा मजकूर:

> माप असे घ्या:
> लांबी – खिडकीची नाही, पडद्याच्या दांड्याची. टोकाच्या शोभेच्या गोळ्या सोडून.
> उंची – दांड्यावरच्या कडीच्या खालच्या टोकापासून पडदा जिथे संपायला हवा तिथपर्यंत. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, अशी तीन मापे.
> सगळी मापे सेंटिमीटरमध्ये लिहा. कापड तुमचे असेल तर त्याचा पन्हाही कळवा.

यातली प्रत्येक ओळ एकेका नेहमीच्या चुकीसाठी आहे. लोक खिडकीची चौकट मोजतात, दांडा मात्र दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, मग पडदा अपुरा पडतो. उंची एकाच जागी मोजली आणि जमीन उतरती असली तर पडदा एका टोकाला घासतो. आणि “84” एवढेच लिहून आले तर ते इंच की सेंटिमीटर, हे विचारण्यात आणखी एक मेसेज जातो. तुमच्या व्यवसायातही उत्तर लिहिण्याआधी बघा की ग्राहकाकडून माहिती कुठे चुकीची येते. तेवढेच स्पष्ट करा, बाकी शिकवत बसू नका.

`/dar` मध्ये एकच आकडा देऊ नका. दर कशावर ठरतो ते दोन वाक्यांत सांगा (चुणीदार पडद्याला दांड्याच्या लांबीच्या साधारण दुप्पट रुंदीचे कापड लागते, हे इथे सांगून ठेवले की नंतर वाद कमी होतात) आणि शेवटी कोणती माहिती मिळाली की पक्का आकडा देता येईल ते लिहा. आकडे द्यायचेच असतील तर कोणत्या तारखेपर्यंतचे, हे सोबत हवे.

मोकळ्या जागा

काम कुठवर आले, याच्या उत्तरात तारीख दर वेळी वेगळी. इथे मजकुरात `____` ठेवतात आणि भरायचे विसरतात. मग ग्राहकाला “तुमचे पडदे ____ पर्यंत तयार होतील” असे जाते. `/` ने निवडलेला मजकूर लगेच जात नाही, आधी लिहिण्याच्या चौकटीत येतो आणि तिथे बदलता येतो. म्हणून मोकळी जागा एकच ठेवा आणि ती अगदी शेवटी:

> तुमचे काम सुरू आहे. तयार झाले की फोटो पाठवू. अंदाजे तारीख:

तारीख भरायची राहिली तर वाक्य अर्धवट दिसते आणि पाठवण्याआधी डोळ्यांना खटकते. ग्राहकाच्या नावासाठी वेगळी जागा ठेवू नका. घाईत मागच्या ग्राहकाचे नाव जाण्यापेक्षा नाव नसलेले बरे. “सर/मॅडम” ही गाळा, फक्त “नमस्कार” चालते. तुमच्याकडे दोघे-तिघे उत्तरे देत असतील तर “कळवतो” किंवा “कळवते” ऐवजी “कळवू” लिहा. आणि “तुम्ही” की “आपण”, ते एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा.

`/paise` मध्ये खात्याचा तपशील, खातेदाराचे नाव आणि “पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट पाठवा” एवढेच हवे. ओटीपी किंवा कार्डाचे फोटो ग्राहकाकडून कधीच मागायचे नसतात, आणि “आम्ही ओटीपी मागत नाही” हे इथेच लिहून ठेवणे उपयोगी. खाते बदलले की आधी हा मजकूर बदला. जुना तपशील तयार उत्तरात राहिला, तर तो चुकीच्या जागी पैसे पाठवत राहतो.

तक्रारीला मात्र पूर्ण तयार उत्तर नको. “झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” हे वाक्य दोनदा आले की माणूस जास्त चिडतो. फक्त माहिती मागणारा भाग तयार ठेवा: “शिलाईचा जवळून आणि पूर्ण पडद्याचा लांबून, असे दोन फोटो पाठवा.” त्याच्या आधीचे वाक्य हाताने लिहा, त्याच्या तक्रारीतली गोष्ट घेऊन.

चालू करण्याआधी तपासणी

ग्रीटिंग तपासायला घरातल्या माणसाचा फोन चालत नाही. त्याचा नंबर सेव्ह असतो आणि चॅटही ताजे असते, त्यामुळे मेसेज येतच नाही आणि सेटिंग बिघडले असे वाटते. ज्याने तुम्हाला कधी मेसेज केलेला नाही आणि ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही, अशा नंबरवरून फक्त “रेट?” एवढे पाठवायला सांगा. उत्तर छोट्या स्क्रीनच्या फोनवर वाचायला द्या. मजकूर “Read more” मागे लपत असेल, तर तुमच्या मागण्याही तिथेच लपल्या आहेत. तेवढ्या ओळी कापा.