लाल कोबी आणि हळदीवरचं छोटं भाषण: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात नैसर्गिक दर्शकांवर, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणाऱ्या पदार्थांवर, बोलणाऱ्या मुलांकडून एक वाक्य मी दरवर्षी ऐकतो: "हळद आम्लात पिवळी होते." हे वाक्य आधी खोडा. हळद मुळातच पिवळी असते. लिंबाच्या रसात ती तशीच राहते आणि साध्या पाण्यातही तशीच राहते. तिचा रंग बदलतो तो आम्लारीत, साधारण pH 8 ओलांडल्यावर. तेव्हा ती तांबूस-तपकिरी होते.

माझ्याच वर्गातल्या एका मुलीने हळदीच्या कागदावर लिंबू पिळून हे वाक्य ठणकावून म्हटलं होतं. परीक्षकांनी शेजारच्या पेल्यातल्या पाण्याचा थेंब त्याच कागदावर टाकला आणि विचारलं, "मग पाणीही आम्ल आहे का गं?" ती गप्प झाली. पाठांतर पक्कं होतं, पण पाण्याचा थेंब टाकून बघायला मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे कागदावर तीन थेंब ठरलेले असतात: पाणी, लिंबू, साबणाचं पाणी. तांबूस झालेल्या डागावर मग लिंबू टाकायचं. डाग पुन्हा पिवळा होतो, आणि आम्लाचं काम इथे खरोखर दिसतं. भाषणात म्हणा: "हळद आम्लारी ओळखते. आम्ल आणि पाणी यांतला फरक तिला कळत नाही, म्हणून आम्ही लाल कोबी घेतला." दोन दर्शक का, हे त्यातच सांगून होतं.

दुसरी चूक कोबीची. "सोड्यात रस हिरवा होतो" असं पाठ केलेलं असतं, आणि पेल्यात रस निळा दिसतो. मूल अडखळतं, काही जण तर निळ्याला हिरवा म्हणून मोकळे होतात. दोष रसाचा नसतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा pH 8.3 च्या आसपास असतो. तिथे रस निळा, फार तर निळसर हिरवा होतो. स्वच्छ हिरव्यासाठी धुण्याचा सोडा लागतो, ज्याचा pH साधारण 11 असतो. तो हाताळताना मोठं माणूस जवळ हवं. छापील रंगपट्टी बघून भाषण लिहिण्याची घाई मला मुळीच पटत नाही. आधी पेले मांडा, थेंब टाका आणि जो रंग दिसेल तोच लिहा.

रस गडद ठेवला तर सगळे पेले सारखेच काळपट दिसतात. पेल्यामागे धरलेला पांढरा कागद आरपार दिसेपर्यंत मी त्यात पाणी घालतो. पण तुमच्या नळाचं पाणी आम्लारीधर्मी असेल, तर रस पहिल्यापासूनच निळसर होतो. अशा वेळी ऊर्ध्वपातित पाणी वापरा.

रस त्याच सकाळी काढा.

प्रत्येक द्रावणाला वेगळा ड्रॉपर ठेवा.

आणि थेंब पडण्याआधी रंग सांगू नका. थेंब टाका, दोन सेकंद थांबा, परीक्षकांना बघू द्या, मग बोला.